प्लॅन ३०० Mbps चा, डाउनलोड ११ MB/s ने: आधी हिशेब मांडा, मग वायर बघा

महिन्यातून चार-पाच वेळा तरी हा फोन येतो. "दादा, तीनशेचा प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड अकराच्या वर सरकत नाही. सरळसरळ फसवणूक आहे ही." बोलणारा वैतागलेला असतो, आणि महिन्याचे पैसे वेळेवर भरणाऱ्या माणसाने वैतागावं यात चूक काहीच नाही.

अशा तक्रारीला एक ठरलेलं उत्तर मिळतं: स्पीड बिटमध्ये असतो, फाइल बाइटमध्ये असते, आठने भागा, सगळं ठीक आहे. हे उत्तर खरं आहे पण अर्धं आहे. तीनशेला आठने भागून पाहा. साडेसदतीस येतात, अकरा येत नाहीत. म्हणजे बिट-बाइटचा गुंता सोडवल्यावरही मधे मोठी तफावत उरतेच, आणि खरा बिघाड त्या उरलेल्या तफावतीत असतो. आठने भागून गप्प बसलेल्या कितीतरी लोकांच्या घरात खराब वायर वर्षानुवर्षं तशीच राहिलेली मी पाहिली आहे. म्हणून आधी हिशेब पूर्ण करायचा, आणि हिशेबात जे बसत नाही त्याच्या मागे लागायचं.

विट्यातल्या एका फोटोग्राफर मित्राची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात दोन्ही चुका एकाच वेळी होत्या. लग्नाचं पूर्ण शूटिंग एडिट करून पुण्याच्या एडिटरने त्याला लिंक पाठवली. झिप फाइल ४० GB ची. स्टुडिओत नवरीचे मामा पेनड्राइव्ह घेऊन बसले होते. मित्राने मनात हिशेब केला: ४० GB म्हणजे ४०,००० MB, प्लॅन तीनशेचा, ४०,००० भागिले ३०० म्हणजे १३३ सेकंद. "मामा, चहा पिऊन होईपर्यंत झालं बघा." चहा झाला, दुसरा चहा झाला, आणि फाइल उतरायला तासाहून जास्त वेळ लागला. सगळा वेळ ब्राउझरमध्ये आकडा एकच, ११.२ MB/s.

त्याचं म्हणणं होतं सव्वादोन मिनिटं. प्रत्यक्षात लागला एक तास. खरं उत्तर या दोन्हींच्या मधे कुठेतरी होतं, आणि ते काढल्याशिवाय भांडायचं कुणाशी हेच कळत नव्हतं.

छोटा b, मोठा B

बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक. आठ बिट मिळून एक बाइट. लिहिताना बिटसाठी छोटा b आणि बाइटसाठी मोठा B वापरतात. Mbps म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, MB/s म्हणजे सेकंदाला इतके मेगाबाइट. एका अक्षराच्या उंचीने आकडा आठपट बदलतो.

आपल्याकडे हा घोटाळा जास्त होण्याचं एक कारण आपल्या लिपीतच आहे. देवनागरीत छोटं-मोठं अक्षर नसतं. "एमबी" म्हटलं की बिट की बाइट हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नाही. केबलवाला म्हणतो "शंभर एमबीचा प्लॅन", आपण म्हणतो "फाइल शंभर एमबीची आहे", आणि दोघांनाही एकच माप बोललोय असं वाटतं. प्लॅनच्या व्हॉट्सअॅप जाहिरातीतसुद्धा पुष्कळदा 100 MB असंच छापलेलं असतं. तिथे अर्थ Mbps एवढाच घ्यायचा. घराघरांत नेटचा वेग कोणी बाइटमध्ये विकत नाही.

मुळात दोन मापं का, हेही समजून घ्या म्हणजे विसर पडत नाही. तारेतून माहिती जाते ती एकामागून एक बिट अशी, म्हणून तारेचा वेग पहिल्यापासून बिटमध्येच मोजला गेला. डायल-अपच्या काळातला ५६ Kbps चा मोडेम आठवत असेल तर त्यावर उत्तमातला उत्तम वेग सेकंदाला ७ KB होता, कारण ५६ भागिले ८. उलट कॉम्प्युटरच्या मेमरीत आणि डिस्कवर एकेक बिट सुटा उचलत नाहीत. बाइटचा गठ्ठा उचलतात, म्हणून साठवणीचं माप बाइट. हा शब्द १९५६ मध्ये आयबीएमच्या वर्नर बुखहोल्ट्झ यांनी काढला. इंग्रजीतल्या bite या शब्दाचं स्पेलिंग त्यांनी मुद्दाम byte केलं, कारण लिहिताना एक अक्षर गळलं तर त्याचं bit होईल ही भीती त्यांना तेव्हाच होती.

स्क्रीनवर कोण काय दाखवतं हे एकदा बघून ठेवा. स्पीड टेस्ट Mbps दाखवते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या Performance टॅबवर नेटवर्कचा आकडा Kbps किंवा Mbps मध्ये असतो. ब्राउझरमधलं डाउनलोड मात्र KB/s किंवा MB/s मध्ये. फोनच्या वरच्या पट्टीत चालू स्पीड दिसतो तोही बहुधा KB/s, MB/s असतो. म्हणून एकाच क्षणी टास्क मॅनेजर ९० च्या वर आणि ब्राउझर ११ दाखवत असला, तर दोघंही खरं बोलतात.

आठवर गणित संपत नाही

आता मित्राची फाइल घेऊ. पहिली दुरुस्ती फाइलच्या आकाराची. विंडोज ज्याला ४० GB म्हणतं ते ४० वेळा शंभर कोटी बाइट नसतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं: १०२४ बाइटचा एक KB, १०२४ KB चा एक MB, १०२४ MB चा एक GB. असा एक GB म्हणजे १०७,३७,४१,८२४ बाइट. या मापाला १९९८ साली GiB असं वेगळं नाव ठरवून दिलं गेलं, पण विंडोज अजूनही GB असंच लिहितं. त्यामुळे मित्राची ४० GB ची फाइल खरं तर सुमारे ४,२९५ कोटी बाइटची होती. फाइलवर राइट क्लिक करून Properties उघडलं की Size च्या पुढे हा पूर्ण आकडा दिसतो. मॅकवर २००९ पासून एक हजाराच्या पटीत मोजतात, म्हणून हीच फाइल मॅकवर ४२.९५ GB दिसेल. फाइल मोठी झालेली नसते, मोजपट्टी बदललेली असते.

नेटचा वेग मात्र नेहमी सरळ हजाराच्या पटीतच असतो. ३०० Mbps म्हणजे सेकंदाला नेमके तीस कोटी बिट. इथे १०२४ चा काही संबंध नाही.

```
42.95 GB × 8 = 343.6 Gb = 343600 Mb
343600 ÷ 300 = 1145 सेकंद = सुमारे 19 मिनिटं
```

दुसरी दुरुस्ती वेष्टनाची. फाइल तारेतून अखंड जात नाही, छोट्या पाकिटांतून जाते. एका पाकिटात जास्तीत जास्त १,५०० बाइट बसतात, आणि त्यातले निदान ४० बाइट पाठवणाऱ्याचा-घेणाऱ्याचा पत्ता आणि क्रमांक लिहिण्यात जातात. त्याच्या बाहेर इथरनेटचं आवरण आणि दोन पाकिटांमधली रिकामी जागा धरली तर तारेवर एका पाकिटाला १,५३८ बाइटची जागा लागते. त्यात तुमच्या फाइलचा माल असतो साधारण १,४५० ते १,४६० बाइट. म्हणजे शंभरातले सुमारे ९४. बाकी सहा वेष्टन. आंब्याच्या पेटीत गवताचं वजन असतं तसं हे आहे. ते कुणी चोरलेलं नाही, त्याशिवाय आंबे पोचणार नाहीत.

तीनशेचे ९४ टक्के २८२. ३,४३,६०० भागिले २८२ म्हणजे १,२१८ सेकंद, वीस मिनिटं आणि वर थोडे सेकंद. हे खरं उत्तर. काही कंपन्या प्लॅनपेक्षा थोडा वाढीव वेग सोडतात, मग वेष्टनाचा तोटा भरून निघतो आणि एकोणीस मिनिटांत काम होतं. पण वीस मिनिटं धरून चाललं की मामांना खोटं सांगितल्यासारखं होत नाही.

नऊ आणि दीडशे

एवढा हिशेब दर वेळी कोणी करणार नाही, मीही करत नाही. मी दोन आकडे लक्षात ठेवले आहेत.

पहिला नऊ. प्लॅनच्या Mbps ला आठने नाही, नऊने भागा. येईल तो ब्राउझरमध्ये दिसायला हवा असा MB/s. आठ हा बिट-बाइटचा, आणि वेष्टनाचे सहा टक्के व १०२४ चा फरक मिळून तो जवळजवळ नऊ होतो. १०० च्या प्लॅनवर ११.१, ३०० वर ३३, ५० वर साडेपाच. शंभरचा प्लॅन घेतलेल्या माणसाला ११ दिसत असेल तर त्याला पूर्ण माल मिळतोय. त्याने निश्चिंत राहावं.

दुसरा दीडशे. वेळ मिनिटांत हवा असेल तर:

```
मिनिटं = GB × 150 ÷ Mbps
```

मित्राची फाइल: ४० गुणिले १५० म्हणजे ६,०००, भागिले ३०० म्हणजे २० मिनिटं. पाच GB ची फाइल शंभरच्या प्लॅनवर: ७५० भागिले १००, साडेसात मिनिटं. दोन GB चा सिनेमा फोनवर वीस Mbps मिळत असताना: ३०० भागिले २०, पंधरा मिनिटं. कागदावर पूर्ण मांडलेल्या उत्तरापासून हे दोन-तीन टक्क्यांपेक्षा दूर जात नाही, आणि बोटांवर होतं.

हेच सूत्र पाठवणाऱ्यालाही लागू पडतं, आणि तिथे बरेच जण फसतात. अनेक प्लॅनमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा कमी असतो. एडिटरकडे अपलोड ५० Mbps चा असेल तर हीच फाइल क्लाउडवर चढवायला त्याला ४० गुणिले १५० भागिले ५०, म्हणजे दोन तास लागणार. "पाठवतोय, पाच मिनिटांत मिळेल" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याने फक्त अपलोडचा आकडा पाहिलेला नसतो.

उरलेली चाळीस मिनिटं

वीस मिनिटांच्या कामाला एक तास लागला. आता ही तफावत बिट-बाइटची नव्हती, ती आपण वजा केली. तीनपट फरक म्हणजे बिघाडच.

इथे मला ११.२ या आकड्यानेच वाट दाखवली. सुमारे १०० Mbps च्या तारेतून वेष्टन वजा जाता ९४ Mbps मिळतात. ९४ भागिले ८ म्हणजे ११.७५, आणि ब्राउझर १०२४ ने मोजत असल्याने तो आकडा ११.२ दिसतो. प्लॅन दोनशेचा असो, तीनशेचा असो की हजाराचा, डाउनलोड ११.२ वर येऊन थांबत असेल आणि स्पीड टेस्ट ९३-९५ च्या आत अडकत असेल, तर वाटेत कुठेतरी शंभरचा अडसर आहे. दुसरी खूण आलेखाची. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आलेख पाहिला तर तो पट्टीने ओढल्यासारखा सपाट होता. वायफाय कमजोर असेल किंवा पलीकडचा सर्व्हर रडत असेल तर आलेख करवतीच्या दातांसारखा वर-खाली होतो. सपाट रेघ म्हणजे पाइपच अरुंद.

मी त्याला पॉवरशेल उघडून एवढं टाइप करायला सांगितलं:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

Ethernet च्या पुढे `100 Mbps` आलं. तिथे `1 Gbps` यायला हवं होतं, कारण त्याच्या कॉम्प्युटरचं लॅन कार्ड आणि राउटरचं पोर्ट दोन्ही गिगाबिटचे होते. लिनक्सवर हेच पाहायचं असेल तर (`enp3s0` च्या जागी आपल्या कार्डाचं नाव):

```
ethtool enp3s0 | grep Speed
```

दोन्ही टोकं गिगाबिटची आणि जोडणी शंभरची, याचा अर्थ मधली वायर. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. शंभरच्या वेगाला दोनच जोड्या पुरतात: केशरी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात, निळी आणि तपकिरीसुद्धा. निळ्या किंवा तपकिरीतली एक तार जरी तुटली तरी बहुतेक कार्डं गिगाबिटचा प्रयत्न सोडून मुकाट्याने शंभरवर उतरतात. नेट चालू राहतं, दिवा लुकलुकत राहतो, कुठेही चूक दाखवली जात नाही. म्हणून हा बिघाड वर्षानुवर्षं सापडत नाही.

स्टुडिओत गेलो, राउटरच्या बाजूचा प्लग काढून खिडकीपाशी उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकच्या आत आठ रंग ओळीने दिसतात. सात तारा पितळी दातांच्या खाली शेवटपर्यंत गेलेल्या होत्या. आठवी, तपकिरी, दोन मिलिमीटर मागेच थांबली होती. दात तिच्या पुढच्या रिकाम्या प्लास्टिकमध्ये रुतलेला. टेस्टर लावला तर एक ते सात दिवे ओळीने लागले आणि आठवा लागला नाही. क्रिम्पिंग करणाऱ्याने तारा एकसारख्या कापल्या नव्हत्या, एवढंच.

प्लग कापून टाकला, वायर दोन इंच सोलली, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने तारा लावल्या, एका सरळ रेषेत कापल्या आणि नवा प्लग दाबला. दहा रुपयांच्या आतलं काम. LinkSpeed ला `1 Gbps` आलं आणि तीच फाइल पुन्हा उतरवायला लावली. आकडा ३३ ते ३४ MB/s. एकवीस मिनिटांत पूर्ण.

वायर ठीक असूनही शंभर दाखवत असेल तर राउटरचं पोर्ट पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरची सगळी पोर्टं शंभरचीच असतात. फायबरच्या काही डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचं आणि बाकीची शंभरची असतात. पोर्टाखाली GE किंवा FE लिहिलेलं असेल तर GE गिगाबिटचं. वायर त्यात हलवली की काम झालं. आणखी एक जागा लोक विसरतात: डब्यापासून स्वतःच्या राउटरपर्यंतची छोटी वायर. घरातल्या सगळ्या उपकरणांना ९४ चाच अडसर असेल, वायफायवरसुद्धा, तर संशय त्या वायरीवर घ्या. एकाच कॉम्प्युटरला अडसर असेल तर त्याच्या वायरीवर.

आकडा ११ नसेल तर

तफावत आहे पण आकडा ११.२ वर अडलेला नाही, अशी प्रकरणंही येतात. त्यांत वायफायचा नंबर पहिला. फोन किंवा लॅपटॉप वायफायच्या माहितीत जो लिंक स्पीड दाखवतो तोही बिटमध्ये असतो, आणि तो हवेतला वेग असतो, हातात पडणारा नव्हे. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर साध्या फोनला बहुधा ७२ Mbps दिसतात. हवेत एका वेळी एकच बोलू शकतो आणि शेजाऱ्यांचे राउटरही त्याच हवेत असतात, म्हणून त्यातले निम्मे हाती लागले तरी चांगलं. चाळीस Mbps धरले तर आपली ४० GB ची फाइल दीडशे मिनिटं घेईल. प्लॅन तीनशेचा असो वा हजाराचा, फरक पडणार नाही. म्हणून कुठलीही तक्रार करण्याआधी एकदा तरी वायर लावून मोजा. वायरवर आकडा बरोबर आला तर कंपनीचं काम संपलं. मग ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर जा किंवा राउटर जवळ आणा.

दुसरा संशय पलीकडच्या सर्व्हरवर. स्पीड टेस्ट बहुधा जवळच्या सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते. तुमची फाइल मात्र दूरच्या एखाद्या सर्व्हरवरून एकाच जोडणीने येत असते, आणि तो सर्व्हर प्रत्येक माणसाला ठरावीक वेगच देत असेल. याची सोपी परीक्षा आहे. पहिलं डाउनलोड चालू असतानाच दुसऱ्या ठिकाणची एखादी मोठी फाइल उतरवायला लावा. पहिल्याचा आकडा तसाच राहून दुसऱ्याचा त्यात मिळाला आणि बेरीज वाढली, तर तुमची लाइन रिकामी होती, अडवणूक सर्व्हरची. बेरीज तेवढीच राहून दोघांनी ती वाटून घेतली, तर मर्यादा तुमच्या बाजूला आहे.

तिसरा संशय कोणी घेत नाही, आणि फोटोग्राफर मंडळींकडे तोच जास्त सापडतो: डाउनलोड थेट पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर करणं. यूएसबी २.० च्या पोर्टावर ४८० Mbps म्हणतात, तेही बिटच, आणि साध्या पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग सेकंदाला पाच-दहा MB एवढाच असतो. कार्डावर Class 10 लिहिलेलं असतं त्यातला दहा मात्र बाइटचा आहे, सेकंदाला किमान १० MB. म्हणजे ३३ ने येणारा माल दहाच्या दारातून आत घ्यायचा. फाइल आधी कॉम्प्युटरच्या डिस्कवर उतरवा, मग कॉपी करा. मामांचा पेनड्राइव्ह लावूनच डाउनलोड सुरू केलं असतं तर नवी वायर लावूनही तास मोडलाच असता.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अचानक सगळंच रांगायला लागलं, वायरवरसुद्धा, पहाटेसुद्धा, तर डेटाची मर्यादा संपली असण्याची शक्यता आहे. "अनलिमिटेड" म्हणून विकलेल्या प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असू शकते आणि ती ओलांडली की वेग पार खाली आणतात. कंपनीच्या अॅपमध्ये वापरलेला डेटा दिसतो, तो GB मध्ये म्हणजे बाइटमध्येच.

तक्रार कशी लिहायची

एवढं सगळं पाहून झाल्यावरही आकडा बसत नसेल तर तक्रार जरूर करा, पण "स्पीड येत नाही" असं लिहू नका. ते लिहिलं की पलीकडून राउटर बंद करून चालू करायला सांगतात आणि तक्रार बंद होते. मी लोकांना असं लिहून देतो:

```
प्लॅन: 300 Mbps
जोडणी: वायरने, वायफाय बंद
LinkSpeed: 1 Gbps
स्पीड टेस्ट: सकाळी 7 वाजता 118 Mbps, रात्री 9 वाजता 61 Mbps
ब्राउझर डाउनलोड: सकाळी 14 MB/s, रात्री 7 MB/s
महिन्याचा वापर: मर्यादेच्या आत
```

यातल्या दोन ओळी एकमेकींना दुजोरा देतात का ते पाठवण्याआधी तपासा. स्पीड टेस्टच्या आकड्यातून वेष्टन आधीच वजा झालेलं असतं, म्हणून इथे नऊने नाही, ८.४ ने भागा. ११८ भागिले ८.४ म्हणजे १४, ६१ भागिले ८.४ म्हणजे सातच्या थोडं वर. जुळतात, म्हणजे दोन वेगळ्या मापांनी एकच बिघाड पकडला आहे. घरातली वायर, वायफाय, डेटा सगळं यात आधीच वगळलेलं असल्याने हे कागद हातात पडलेला माणूस लाइन तपासायला येतो. गेल्या महिन्यात असंच लिहून पाठवलेल्या एका दुकानदाराकडे दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला आणि खांबावरच्या डब्यात दुमडलेली फायबर सरळ करून गेला. त्या संध्याकाळी त्याच्याकडे ब्राउझर ३२ MB/s दाखवत होता.